जाहिरात ताजी, जागा शिळी: रेझ्युमे बदलायला बसण्याआधी काय तपासायचं

समस्या ओळखीची आहे. जाहिरात आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. आपण दोन संध्याकाळी बसून रेझ्युमे त्या जेडीप्रमाणे बदलतो, प्रोजेक्टचे मुद्दे पुन्हा लिहितो, वरचा सारांश नवा करतो आणि पाठवतो. मग शांतता. महिन्याभराने तीच जाहिरात ‘२ दिवसांपूर्वी’ असं लिहून परत वर आलेली दिसते. आपला रेझ्युमे कमी पडला असं वाटून लोक तो आणखी बदलायला घेतात, पण अनेकदा तो कोणी उघडलेलाच नसतो.

मी पुण्यात आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम करते, त्यामुळे हे पलीकडच्या बाजूनेही रोज दिसतं. ‘ही जाहिरात खोटी आहे का’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही, कारण अगदी खोट्या जाहिराती त्या मानाने कमी असतात. विचारायचं ते हे: मी रेझ्युमे खास बदलला तर इथल्या निर्णयात काही फरक पडेल का? याचं उत्तर बऱ्याचदा जाहिरातीतच असतं, आणि ते शोधायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

जागा नसताना जाहिरात का राहते

पहिलं कारण म्हणजे कायम उघडी ठेवलेली जाहिरात. आमच्याकडे हिला एव्हरग्रीन म्हणतात. वर्कडे नावाच्या प्रणालीत तर ‘एव्हरग्रीन रिक्विझिशन’ असा वेगळा प्रकारच असतो: एका ठरावीक जागेसाठी नाही, तर सारखी लागणारी माणसं गोळा करण्यासाठी. सर्व्हिस कंपन्यांमध्ये माणसं सतत सोडून जातात आणि नवे प्रोजेक्ट सतत येतात, म्हणून जावा, टेस्टिंग, सपोर्ट यांच्या जाहिराती वर्षभर चालू असतात. इथे भरती होते, खरोखर होते. पण अर्ज एकेक करून कोणी वाचत नाही. क्लायंटकडून मागणी आली की रिक्रूटर साठलेल्या प्रोफाइलमध्ये शोध लावतो: कौशल्य, अनुभवाची वर्षं, सध्याचा पगार, नोटीस पिरियड, शहर. या गाळणीतून जी नावं राहतात त्यांना फोन जातात. तुम्ही सारांशात किती सुरेख वाक्य लिहिलंय हे त्या वेळी कोणी बघत नाही.

याचाच एक भाऊ म्हणजे अजून न मिळालेल्या कामासाठीची जाहिरात. कंपनी एखाद्या क्लायंटच्या कामासाठी बोली लावते आणि ‘आमच्याकडे अशी माणसं आहेत’ असं दाखवायला प्रोफाइल गोळा करते. काम मिळालं तर फोन येतो, नाही मिळालं तर विषय संपला.

दुसरं कारण आपल्याकडे फार मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जागा भरलेली असते, ऑफर गेलेली असते, पण माणूस अजून आलेला नसतो. त्याची नोटीस ६० किंवा ९० दिवसांची. या काळात तो आणखी दोन ऑफर घेऊन येऊ शकतो, जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते, किंवा जॉइनिंगच्या दिवशी तो फोनच उचलत नाही. रिक्रूटरला हे पाठ असतं. म्हणून तो माणूस प्रत्यक्ष हजर होईपर्यंत जाहिरात काढत नाही आणि मागे दोन-तीन नावं राखून ठेवतो. अशा वेळी तुम्ही अर्ज केलात तर राखीव यादीत जाता. क्वचित एखादा ओळखीचा फोनही येतो, ‘प्रोफाइल चांगलं आहे, कळवतो’ म्हणून.

तिसरं कारण म्हणजे माणूस आधीच ठरलेला असतो. कंपनीतलाच कोणीतरी ती जागा घेणार असतो, पण धोरण म्हणून बाहेर जाहिरात द्यावी लागते. चौथं अगदी साधं: मूळ जाहिरात बंद झालेली असते, पण तिची नक्कल दुसऱ्या एखाद्या साइटवर फिरत राहते.

आधी मूळ जागा शोधा, मग तारीख

आमच्या ओळखीतली एक मुलगी ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये आहे. सहा वर्षांचा अनुभव, सेलेनियम आणि जावा, नोटीस ६० दिवसांची. सप्टेंबर २०२५ मध्ये ती तीन जाहिराती घेऊन आली आणि तिन्हींसाठी वेगवेगळे रेझ्युमे करायचे म्हणत होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून तेच उदाहरण पुढे घेते.

पहिली पायरी तिन्हींसाठी एकच. जेडीमधलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य उचलायचं, ते अवतरण चिन्हांत टाकून गुगलवर शोधायचं, आणि कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर ती जाहिरात आहे का ते बघायचं. तिसरी जाहिरात इथेच संपली. ती एका नोकऱ्या गोळा करणाऱ्या साइटवर ‘काल’ची म्हणून दिसत होती. ‘अप्लाय’ दाबलं की कंपनीच्या करिअर विभागाचं मुखपृष्ठ उघडायचं, ती जाहिरात नाही. बंद झालेल्या जाहिरातीचा दुवा बऱ्याच कंपन्यांकडे असाच वागतो. गुगलच्या नियमाप्रमाणे बंद जाहिरात पानावरून काढावी लागते किंवा मुदत संपल्याची खूण करावी लागते, पण नक्कल करणारे सगळेच ते पाळत नाहीत. जी जागा कंपनीच्या पानावर नाही आणि जिथे कन्सल्टंटचंही नाव नाही, तिच्यामागे लागायचं नाही.

कन्सल्टंटची जाहिरात असेल तर गोष्ट जरा वेगळी. ‘आमच्या नामांकित एमएनसी क्लायंटसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं, कंपनीचं नाव नसतं. फोन करून क्लायंटचं नाव विचारा. रेझ्युमे मिळाल्याशिवाय नाव सांगत नसतील तर ते बहुधा यादी भरत आहेत, असं मी धरते. कधीकधी क्लायंटनेच नाव गुप्त ठेवायला सांगितलेलं असतं, पण तेव्हा निदान कामाचं स्वरूप, टीम आणि ठिकाण तरी ते सांगू शकतात.

आता तारीख. पानावर दिसणाऱ्या ‘२ दिवसांपूर्वी’वर विसंबू नका, कारण रिक्रूटर जाहिरात ताजी करतो तेव्हा ती तारीख बदलते. त्या मुलीची पहिली जाहिरात नोकरी डॉट कॉमवरची होती, एका सर्व्हिस कंपनीची. पत्त्याचा शेवट असा होता:

```
...-pune-hyderabad-bengaluru-4-to-9-years-110325004512
```

शेवटच्या मोठ्या आकड्यातले पहिले सहा अंक बहुतेक वेळा जाहिरात पहिल्यांदा तयार झाल्याची तारीख असतात: ११-०३-२५, म्हणजे ११ मार्च २०२५. पानावर मात्र ‘२ दिवसांपूर्वी’. सहा महिने जुनी जाहिरात नव्या तारखेने वर आणली जात होती. जोडीला तीन शहरं, ४ ते ९ वर्षांचा अनुभव, वीस जागा आणि टीम किंवा प्रोजेक्टबद्दल एक अक्षरही नाही. ४ वर्षांचा आणि ९ वर्षांचा टेस्टर एकाच कामासाठी एकाच पगारात कोणी घेत नाही. मागणी येईल तशी त्यातून माणसं उचलायची असतात, म्हणून अंतर एवढं मोठं ठेवलेलं असतं. ही एव्हरग्रीन.

लिंक्डइन थोडं जास्त प्रामाणिक आहे. तिथे पुन्हा टाकलेल्या जाहिरातीवर ‘Reposted’ असं लिहून येतं, पण पहिल्यांदा कधी टाकली ते कळत नाही. ‘शंभराहून जास्त अर्ज’ या आकड्याने घाबरू नका आणि खूशही होऊ नका. अर्ज कंपनीच्या साइटवर जात असेल तर लिंक्डइनला फक्त बटण किती जणांनी दाबलं ते कळतं. पुढे फॉर्म किती जणांनी पूर्ण केला, हे त्यात येत नाही.

कंपनीच्या स्वतःच्या पानावर आणखी एक सोय असते. वर्कडेवर ‘Posted 30+ Days Ago’ दिसलं की त्यापुढचं काही कळत नाही: ३१ दिवस की २०० दिवस? तेव्हा जाहिरातीचं पान संगणकावर उघडा, Ctrl+U दाबून पानाचा सोर्स बघा आणि त्यात datePosted शोधा. गुगलला जाहिरात दिसावी म्हणून अनेक कंपन्यांच्या पानांत असा तुकडा असतो:

```
"@type": "JobPosting",
"datePosted": "2025-09-05",
"validThrough": "2025-10-31"
```

ही तारीखसुद्धा पुन्हा टाकताना बदलू शकते. त्यापेक्षा भरवशाचा असतो रिक्विझिशन नंबर, म्हणजे कंपनीने त्या जागेच्या मागणीला दिलेला क्रमांक, जो पत्त्याच्या शेवटी किंवा जाहिरातीच्या तळाशी R-48210 अशा रूपात दिसतो. एकटा हा नंबर काही सांगत नाही. त्याच कंपनीच्या आज टाकलेल्या दोन-तीन जाहिराती उघडा आणि त्यांचे नंबर बघा. ते R-51900 च्या आसपास असतील आणि तुमचा ४८ हजारांत असेल, तर ही जागा नोंदवून बराच काळ लोटलाय. जुन्या नंबरला नवी तारीख लागली असेल तर दोन शक्यता उरतात: जाहिरात पुन्हा टाकली आहे, किंवा जागा मंजुरीत अडकली होती आणि आता कुठे सुटली. दुसरी शक्यता चांगली बातमी असते. दोन्हींतला फरक कळायला ते अवतरण चिन्हांतलं वाक्य परत कामाला येतं. जुन्या तारखेच्या नकला सापडल्या तर पुन्हा टाकलेली, एकही सापडली नाही तर बहुधा अडकून सुटलेली.

मजकुरात एखादी ओळ वाढली आहे का

त्या मुलीची दुसरी जाहिरात खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या केंद्राची होती. लिंक्डइनवर ‘Reposted’, नंबर जुना. पहिल्या जाहिरातीच्या हिशोबाने ही पण टाकूनच द्यायला हवी होती. पण वाक्य शोधल्यावर जूनच्या मध्यातली एक नक्कल सापडली. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले तर जवळपास शब्दाला शब्द सारखे. सप्टेंबरच्या मजकुरात एकच ओळ जास्त होती: ३० दिवसांच्या आत रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य.

या ओळीचा अर्थ भरतीतल्या कोणालाही लगेच लागतो. जूनमध्ये माणूस निवडला, ऑफर दिली, ९० दिवसांची नोटीस सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये तो आलाच नाही. आता मॅनेजर वैतागलेला आहे, तीन महिने वाया गेलेत, आणि परत ९० दिवस थांबायची त्याची तयारी नाही. पैसा मंजूर आहे, काम थांबलेलं आहे, आणि पुढचे दोन आठवडे तरी आलेला रेझ्युमे कोणीतरी नीट वाचणार आहे. जुन्या जाहिरातीत नव्याने घुसलेली घाईची ओळ म्हणजे जागा पुन्हा जिवंत झाल्याची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली खूण आहे. (सर्व्हिस कंपन्यांच्या जाहिरातींत ‘इमिजिएट जॉइनर’ पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. तिथे त्याला काही अर्थ नाही. ओळ नंतर वाढलेली हवी.)

उलट, जाहिरात दोन-अडीच महिन्यांची आहे, मजकूर तसाच आहे, कसलीही घाई दिसत नाही, तर ऑफर गेलेली असण्याची शक्यता जास्त. तयार रेझ्युमे टाकून ठेवा, नंबर लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्यात तो मजकूर परत बघा.

माणूस आधीच ठरलेला असेल तर मजकूर वेगळ्या प्रकारे बोलतो. अटी कमी असतात पण विचित्रपणे नेमक्या: एका कमी चालणाऱ्या टूलचा अनुभव, त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या क्षेत्राचं प्रमाणपत्र, वर कंपनीच्या अंतर्गत प्रणालीची माहिती. अर्जाची मुदत पाच-सहा दिवस. वाचताना आपल्याला एखाद्या माणसाचं वर्णन ऐकल्यासारखं वाटतं. यातली अंतर्गत प्रणालीची अट सगळ्यात बोलकी, कारण बाहेरच्याला ती माहीत असणार कशी?

मजकूर गुळगुळीत आहे एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका. एचआरकडे जुन्या जेडी पडलेल्या असतात आणि खऱ्या, तातडीच्या जागेसाठीही तीच चिकटवली जाते. जाहिरातीत मॅनेजरचं पद, टीम किती जणांची, कोणती प्रणाली कुठून कुठे हलवायची आहे असं काही लिहिलं असेल तर ते जिवंतपणाचं चांगलं लक्षण आहे. नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, तारीख आणि नंबरकडे परत जा.

विचारून खात्री करणं

कंपनीत ओळखीचं कोणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याला विचारा. कर्मचाऱ्यांच्या रेफरल पोर्टलवर तो नंबर टाकला की जागा दिसते की नाही हे त्याला मिनिटभरात कळतं. बाहेर दिसते आणि आत दिसत नाही, तर ती संपल्यात जमा. हिंजवडी-खराडी पट्ट्यात कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं तर असा माणूस सहसा निघतो.

ओळख नसेल तर रिक्रूटरला लिहा. लांबलचक परिचय नको. नंबर देऊन दोनच गोष्टी विचारा: ही जागा अजून उघडी आहे का, आणि मुलाखती कोणत्या टप्प्यावर आहेत? उत्तरापेक्षा उत्तराचा प्रकार बघा. ‘अपडेटेड सीव्ही, सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड पाठवा’ एवढंच आलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, प्रोफाइल यादीत जातंय. ‘पहिली फेरी या आठवड्यात आहे’ किंवा ‘मॅनेजर गुरुवारी रेझ्युमे बघणार आहेत’ असं काही आलं, तर त्याच रात्री बसा. अजिबात उत्तर नाही आलं, तर त्यावरून काही ठरवू नका. आमच्यापैकी बरेच जण तीस-चाळीस जागा एकाच वेळी सांभाळत असतात आणि मेसेज खरोखरच राहून जातात.

त्या मुलीने बँकेच्या रिक्रूटरला शनिवारी लिहिलं. सोमवारी उत्तर आलं, त्यात उलटा प्रश्न होता: नोटीस विकत घेता येते का? हा प्रश्न यादी भरणारा माणूस सहसा विचारत नाही, कारण बायआउटसाठी पैसे मोजायची तयारी लागते.

मग कशावर किती वेळ घालवायचा

पहिल्या, एव्हरग्रीन जाहिरातीसाठी तिने तयार रेझ्युमेच टाकला, पाच मिनिटांत. पण त्यासोबत नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल नीट केलं: मुख्य कौशल्यांत सेलेनियम, जावा, टेस्टएनजी, एपीआय टेस्टिंग हे शब्द सरळ लिहिले, नोटीस ६० दिवस टाकली, शहरं निवडली. अशा जागी रिक्रूटर शोध लावून पोचतो, म्हणून जी काय मेहनत घ्यायची ती शोधात सापडण्यावर. प्रोफाइल अधूनमधून उघडून एखादी ओळ बदलत राहिलात तर अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांत तुम्ही दिसता, आणि आम्ही बहुतेक वेळा तेवढेच बघतो.

तिसरी, नकलेतली, सोडून दिली. उरलेला सगळा वेळ दुसरीला गेला. रेझ्युमेच्या अगदी वर, नावाखाली, ‘नोटीस ६० दिवस, बायआउटने ३० दिवसांत रुजू होणं शक्य’ ही ओळ आली, कारण त्या मॅनेजरची दुखती नस तीच होती. पेमेंट प्रणालीच्या टेस्टिंगचा प्रोजेक्ट तिसऱ्या पानावर होता तो पहिल्यावर आला. बाकी फारसं काही बदललं नाही.

कुठे हे चालत नाही

वरिष्ठ पदं आणि दुर्मीळ कौशल्यं यांना तारखेचा हिशोब लागू होत नाही. मेनफ्रेमवाला किंवा एखाद्या विशिष्ट बँकिंग प्रणालीचा जाणकार शोधायला चार-पाच महिने सहज जातात, आणि जाहिरात जुनी असूनही जागा रिकामीच असते. तिथे जुनेपणा उलट तुमच्या बाजूने असतो. सरकारी भरतीचंही वेगळं आहे. तिथे जाहिरात क्रमांक, पदसंख्या आणि शेवटची तारीख ठरलेली असते, एव्हरग्रीन हा प्रकार नसतो.

अमेरिकेत शोधणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. ग्रीन कार्डच्या पर्म प्रक्रियेत, त्या जागेवर परदेशी कर्मचारी आधीच काम करत असला तरी कंपनीला जाहिरात द्यावी लागते. व्यावसायिक पदांसाठी रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा छापणं त्यात येतं. पगार आणि अटी अगदी काटेकोर आणि रेझ्युमे टपालाने मागवलेला, अशी जाहिरात दिसली तर ती बहुधा यातली. कॅनडात ओंटारिओमध्ये १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच सांगावं लागतं की जागा सध्या रिकामी आहे की नाही. टोरांटोकडच्या मंडळींनी ती ओळ आधी शोधावी, वरचे निम्मे उद्योग वाचतील.

आणि हे सगळं चालण्यासाठी जुना मजकूर हाताशी लागतो, जो जाहिरात काढली की गायब होतो. आवडलेली प्रत्येक जाहिरात पीडीएफ म्हणून साठवा, फाइलच्या नावात कंपनी, रिक्विझिशन नंबर आणि आपण पहिल्यांदा पाहिल्याची तारीख टाका. दोन-तीन महिन्यांनी तीच जाहिरात परत वर आली की दोन्ही शेजारी उघडा आणि नोटीस, अनुभव, ठिकाण या ओळी आधी ताडून बघा. बदल बहुतेक वेळा त्यांतच असतो.